लाल म्हणजे कोणता लाल

कांदा किती वेळ परतायचा असं मला कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते, कोणता कांदा आणि कशासाठी? विचारणाऱ्या पोरींना राग येतो. त्यांना आकडा हवा असतो. आकडा मी सांगू शकते. घरचे चार कांदे असतील, बारीक उभे चिरलेले असतील, तर मध्यम आचेवर बारा-पंधरा मिनिटांत सोनेरी होतात. मग आच कमी करून तेवढाच वेळ आणखी हलवत राहिलं तर गडद तपकिरी होतात. पण एकदा आकड्यावर भरवसा ठेवून माझं सगळं जायची वेळ आली होती. म्हणून मी नुसता आकडा सांगत नाही.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. नवरा तापाने गेला त्याला दीड वर्ष झालं होतं. मूलबाळ नव्हतं. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं. माझं माहेर धुळ्याच्या बाजूला, अमळनेरकडे जाताना लागणाऱ्या एका गावात. घरात आई, थोरला भाऊ, भावजय. भाऊ वाईट नव्हता. त्याने माझ्यासाठी पाट ठरवला होता. आमच्यात विधवेचं दुसरं लग्न लागतं, त्याला पाट म्हणतात. माणूस भावाच्या माहितीतला होता. त्याच्या दोन बायका आधी गेल्या होत्या, थोरली मुलगी माझ्याहून मोठी होती, आणि तो बोलायचा तेव्हा समोरच्याच्या तोंडाकडे न बघता गुरांकडे बघायचा. मी एकदाच पाहिला होता. तेवढं पुरे होतं.

भाऊ कपाशीचा भाव बघायला जळगावला जायचा, तेव्हा कापसाची सरकी काढणाऱ्या जिनाजवळच्या एका खाणावळीत जेवायचा. ती एक म्हातारी बाई चालवायची. सगळे तिला अक्का म्हणायचे. तिची स्वयंपाकाची बाई बाळंतपणाला गेली ती परत येणार नव्हती आणि अक्काला तिच्या जागी कायमची बाई हवी होती, असं भाऊ घरी सहज बोलून गेला. मी तिथेच चुलीपाशी बसले होते. मी म्हटलं, मला ने. भावजय हसली. आई रडायला लागली. तिसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, "आठ दिवस. पुढल्या शनिवारले मी परत येसू. तिनं ठेवी लिधं तं ऱ्हाय. नही तं मुकाट्याने चालनं."

असं ठरलं. एका शनिवारी आम्ही आगगाडीने जळगावला आलो.

अक्का जळगावच्या पूर्वेकडची, केळीच्या मुलखातली. तिचं बोलणं आमच्या बोलण्याहून वेगळं होतं, तरी समजायचं. उंच, हाडकुळी बाई. गुडघे गेलेले, म्हणून ती दुसऱ्या चुलीपाशी पाटावर बसून भाकरी करायची आणि तिथूनच सगळ्यांवर नजर ठेवायची. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि भावाला म्हणाली, "भाकरी मी करते. रस्सा हिनं करायचा. माह्याकडं माणसं रश्श्यासाठी येतात. रस्सा जमला तर राहील, नाही जमला तर घेऊन जाय."

भाऊ गेला. मी कोठीच्या खोलीत गाठोडं ठेवलं. ते सोडलं नाही.

खाणावळीत जेवायला चाळीस माणसं असायची. जिनातले कारकून, कपाशी घेऊन आलेले गाडीवान, कोर्टाच्या कामाला आलेले खेड्यातले लोक. बारा वाजता जिनाचा भोंगा व्हायचा आणि दहा मिनिटांत सगळे पाट भरायचे. दुपारी रोज काळा रस्सा. कधी बेसनाच्या पातोड्यांचा, कधी रश्श्यातच सोडून शिजवलेल्या डुबुकवड्यांचा, कधी मटकीचा. रश्श्याचं मूळ वाटण एकच. परतलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, लसूण आणि अक्काचा काळा मसाला. मसाला ती स्वतः कुटून बरणीत ठेवायची, म्हणजे त्यात माझी चूक व्हायला जागा नव्हती. खोबरं भाजायला मला येत होतं. राहिला कांदा.

पहिल्या दिवशी रविवारी अक्का म्हणाली, "कांदा लाल कर."

मी लाल केला. आमच्याकडे कांद्याचे दोन रंग होते, लाल आणि काळा. लाल म्हणजे पिवळसर-तांबूस, नव्या सुतळीसारखा. त्यापुढे गेला की काळा, आणि काळा झाला की आई रागवायची. आमच्या घरी रश्श्याचा काळा रंग मसाल्याने आणि जाळात भाजलेल्या खोबऱ्याने यायचा. तर मी कांदा सुतळीच्या रंगावर उतरवला, वाटला, रस्सा केला. मला वाटलं, चांगला झाला.

जिनातल्या काट्यावर वजन करणारे एक कारकून रोज पहिल्या रांगेत कोपऱ्यातल्या पाटावर बसायचे. अक्का त्यांना नाना म्हणायची. त्यांनी भाकरी मोडली, रश्श्यात बुडवली, एक घास खाल्ला आणि वाटी उचलून उजेडाकडे धरली.

"अक्का, आज रश्श्याला हळद लागली वाटतं. वऱ्हाड कधी निघायचं?"

सगळे हसले. दुसरा एक जण म्हणाला, "गोड शे, गोड. खीर समजीसन पिऊन टाका."

मी दाराआड उभी होते. हळद म्हटल्यावर मला तो गुरांकडे बघणारा माणूस आठवला. रस्सा खरंच फिका होता आणि गोडसर लागत होता. मसाला होता, पण त्याला खाली धरून ठेवायला काही नव्हतं.

माणसं गेल्यावर अक्का म्हणाली, "मी तुले लाल सांगितलं होतं."

"मी लालच केला."

"तो लाल होता?"

"मग लाल म्हणजे कोणता लाल?" मी जरा जोरात बोलले. भीतीने माझा आवाज चढतो, अजूनही चढतो.

मला वाटलं, आता अक्का म्हणेल गाठोडं उचल. तिने कमरेची पानाची चंची सोडली, त्यातून काताचा एक खडा काढला आणि चुलीच्या बाजूच्या कोनाड्यात ठेवला. सुपारीएवढा खडा. गडद, तांबूस, काळ्याच्या अगदी अलीकडचा.

"हा लाल," ती म्हणाली. "तू केला तो पिवळा. पिवळा संध्याकाळी लागतो, वांग्याच्या पातळ भाजीले. दुपारी हा."

मी म्हटलं, "आमच्याकडे याला काळा म्हणतात."

"तुमच्याकडे म्हणत असतील. इथं काळा म्हणजे फेकायचा."

त्याच दिवशी संध्याकाळी तिने मला शेजारी बसवून दोन्ही कांदे करून घेतले. फार बोलली नाही, पण जे बोलली ते मी विसरले नाही.

चूल बाभळीच्या जाड लाकडांची. पहिल्यांदा तीन लाकडं आत, जाळ कढईच्या बुडाला चांगला लागेल एवढा. तेल तापलं की कांदा घालायचा. सुरुवातीला कांद्यात पाणी असतं, ते निघून जाईपर्यंत मोठ्या आचेला भिऊ नये. तेव्हा कढईतून वाफ येते, आणि आवाज येतो तो पाणी चरचरल्याचा. पाणी सरलं की आवाज बदलतो, बारीक होतो, तेलाचा होतो. तेव्हा एक लाकूड मागे ओढायचं. त्यानंतर कांदा पांढऱ्याचा पिवळा होतो. पातळ भाजीसाठी तिथेच थांबायचं. तो कांदा मऊ असतो, गोड असतो, भाजीत विरघळतो.

काळ्या रश्श्यासाठी तिथून पुढे जायचं, आणि तिथून पुढे दुसरंही लाकूड मागे घ्यायचं. एकाच लाकडाचा जाळ, बाकी निखारे. आणि हात थांबवायचा नाही. आधी कांदा थोडा वेळ न हलवता तसाच सोडला तरी चालतो, पण पिवळ्याच्या पुढे तो एका बाजूने धावतो. कातासारखा व्हायच्या जरा आधीच कढई उतरवायची आणि कांदा परातीत पसरायचा, कारण गरम तेलात तो उतरवल्यावरही पुढे जात राहतो.

"थोडा कमी वाटतो तेव्हा काढ," अक्का म्हणाली. "बरोबर वाटला म्हणजे उशीर झाला."

पुढच्या खोलीत भिंतीवर एक घड्याळ होतं. अक्काला ते वाचता येत नव्हतं. ती भोंग्यावर आणि सावलीवर चालायची. मी चार यत्ता शिकलेली. मला घड्याळ वाचता येत होतं आणि त्याचा मला गर्व होता. सोमवारी मी दारातून घड्याळावर नजर ठेवून कांदा केला. पाच शेर कांदा, मोठी कढई. वीस मिनिटांत पाणी सरलं. पस्तिसाव्या मिनिटाला पिवळा झाला. तासाला पाच मिनिटं कमी असताना काताच्या एक पायरी अलीकडे आला, मी उतरवला. रस्सा काळा झाला. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी न बोलणं म्हणजे चांगलंच होतं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार मी घड्याळ लावूनच कांदा केला. पाच शेर, वीस, पस्तीस, पंचावन्न. शुक्रवारी तर काताच्या खड्याकडे बघितलंही नाही. वाटलं, जमलं. तरी रात्री झोप लागायची नाही. मी आकडे मोजायची. शनिवारला किती दुपारी उरल्या. गाठोडं अजून बांधलेलंच होतं.

शनिवारी सकाळी साडेनवाला मी कांदा चढवला. कांद्याचं पोतं शुक्रवारी संध्याकाळी नवीन आलं होतं. आधीचा कांदा उन्हाळ्यातला होता, साठवणीच्या चाळीत ठेवलेला, सुकलेला, साल कडकडीत. हा नवा होता, नुकताच शेतातून निघालेला. चिरताना विळीवरून पाणी ओघळत होतं. मला ते दिसलं. दिसलं आणि मी त्याचा काही विचार केला नाही. डोकं दुसरीकडे होतं. भाऊ येणार होता.

दहाला दहा मिनिटं कमी असताना मी एक लाकूड मागे ओढलं, कारण वीस मिनिटं झाली होती. कढईत कांदा पाण्यात पोहत होता. मी ऐकलंही नाही की आवाज अजून पाण्याचाच आहे. सव्वादहा वाजले तरी तसंच. कांदा शिजत होता. मऊ, पांढरा, लगदा होत चाललेला. परतला जात नव्हता. साडेदहा झाले. त्या वेळेला तो उतरवायला हवा होता आणि तो पिवळाही नव्हता.

तेवढ्यात ओट्यावरून भावाचा आवाज आला.

"काय व, गाठोडं बांधेल शे का?"

मी बाहेर गेले नाही. आतूनच म्हटलं, "बसा दादा, काम चालू आहे."

तो दाराशी येऊन उभा राहिला. नवं धोतर नेसला होता. "त्या लोके सोमवारले येणार शेत. बठ्ठं ठरेल शे. अक्का नही म्हणनी तं आजनी गाडी धरनी पडी. मी त्यास्ले काय सांगू?" पाटाची माणसं सोमवारी येणार होती.

"जेवून सांग," अक्का भाकरी थापता थापता म्हणाली. "आता दार सोड, उजेड अडतो."

तो ओट्यावर जाऊन बसला. मला त्याची पाठ दिसत होती. दीड तास उरला होता, त्यात वाटण वाटायचं, रस्सा उकळायचा. मी काय केलं सांगते. चूल पेटवायला कोपऱ्यात पऱ्हाट्यांचा भारा ठेवलेला असायचा, कपाशीची गेल्या साली तोडलेली वाळकी झाडं. पऱ्हाटी भुर्रकन पेटते. चूल धरायला चांगली, स्वयंपाकाला वाईट. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरीलाही माहीत असतं. मी मूठभर पऱ्हाट्या घातल्या. मग आणखी. जाळ कढईच्या काठापर्यंत वर आला.

पाणी सरलं खरं. भराभर सरलं. मला हायसं वाटलं, मी झारा टाकून लसूण घ्यायला वळले. एवढाच वेळ. परत वळले तेव्हा कडेचा कांदा काळा पडला होता, अगदी कोळशासारखा, आणि मधला अजून पांढरा. मी घाईने ढवळलं. ते चुकलं. काळं सगळ्यात मिसळलं.

वास पहिल्यांदा अक्काला आला. तिने मान वळवली नाही. तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "वास येतो."

"हो."

"काय करणार?"

मी कांद्याचा एक तुकडा तोंडात टाकला. कडू. जिभेच्या मागे बसणारा कडूपणा. माझ्या मनात काय आलं तेही सांगते, लपवण्यात काही अर्थ नाही. डब्यात गूळ होता. मूठभर गूळ आणि दुप्पट मसाला घातला तर चाळीस माणसांतल्या वीस जणांना कळलं नसतं. पण नानांना कळलं असतं आणि अक्काला तर आधीच कळलं होतं. आणि मी आईच्या हातचं एकदा खाल्लं होतं, जळक्या कांद्याचं, गूळ घातलेलं. ते कडू आणि गोड दोन्ही लागतं, एकात एक जात नाही. मसाला घातला की कडू आणखी वर येतं.

मी कढई उचलली, मागच्या दाराने गेले आणि सगळं उकिरड्यावर ओतलं. ओट्यावरून भावाने मान वळवून पाहिलं. पाच शेर कांदा आणि तेवढं तेल उकिरड्यावर. मला वाटलं, तो मनात म्हणतोय, चला, झालं.

परत आले तेव्हा अकराला दहा मिनिटं होती. अक्काने परातीतलं पीठ झाकलं, विळी ओढली आणि कांदे सोलायला लागली.

"पाच शेर नको," ती म्हणाली. "वेळ नाही. तीन कर. वाटणात खोबरं वाढव. पुढचं तुहं तू पाह्य."

ती चिरत होती, मी चिरत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं, कांद्याने येत होतं असं म्हणायला सोय होती. कढई घासताना मला एक गोष्ट दिसली. काठाला, जिथे कांद्याचा पातळ थर चिकटला होता, तिथला कांदा आधी लाल होऊन मग जळला होता. ढीग होता तिथला शेवटपर्यंत पांढरा राहिला. म्हणजे ढिगाने कोंडमारा होत होता. पाण्याला बाहेर पडायला जागा नव्हती.

मी कढई बाजूला सारली. दोन पसरट पातेली काढली, बुड रुंद असलेली, ज्यांत सणाला पुरण शिजायचं. दोन चुली. अक्काने तिचा तवा मुकाट्याने उतरवला आणि तिची चूल मला दिली. दोन्हींत थोडा थोडा कांदा, बोटभरसुद्धा थर नाही. वर चिमूट चिमूट मीठ टाकलं, म्हणजे पाणी लवकर सुटतं. चुलीत बाभळीची लाकडं, तीन तीन, पऱ्हाटी एकही नाही.

घड्याळ पाहिलं नाही. पुढच्या खोलीकडे पाठ करून उभी राहिले. काताचा खडा कोनाड्यातून काढून दोन चुलींच्या मध्ये ठेवला, आणि कान पातेल्याला लावल्यासारखी वाकून ऐकत राहिले. चरचर, चरचर, वाफ. बराच वेळ तेच. मग डावीकडचं बारीक झालं. मी लाकूड ओढलं. उजवीकडचं अजून पाण्यातच होतं, तिथे मी थांबले. ही खरी भीती होती, थांबायची. हात शिवशिवत होते, अजून एक लाकूड आत सारावंसं वाटत होतं. नाही सारलं.

पिवळा झाला. सुतळी. माझ्या आईचा लाल. मी दुसरं लाकूड ओढलं. आता दोन्ही हातांत दोन झारे. डावीकडे फिरव, उजवीकडे फिरव. पिवळ्याचा तांबूस. तांबसाचा बदामाच्या सालीसारखा. कडा पुढे पळायला लागल्या तशा मध्ये ओढल्या. गोड वास सरून भाजका वास यायला लागला. तेल कांद्यापासून सुटून बाजूला झालं.

तेवढ्यात भोंगा झाला.

मी दचकले, पण हात थांबला नाही. बाहेर ओट्यावर चपला वाजायला लागल्या. पाट सरकले. कुणी तरी खाकरलं. कांदा काताहून एक पायरी फिका होता. मन म्हणत होतं, अजून थोडं, अजून थोडं, रविवारसारखं फिकं नको. मी खड्याकडे पाहिलं, कांद्याकडे पाहिलं आणि दोन्ही पातेली खाली उतरवून कांदा परातीत पसरला. आणि परातीत तो माझ्या डोळ्यांदेखत एक पायरी पुढे गेला. बरोबर खड्याच्या रंगावर येऊन थांबला.

मग वाटायला बसले. खोबरं-लसूण आधीच वाटून ठेवलं होतं. पाट्यावर कांदा घेतला आणि वरवंटा असा ओढला की खांदे आठ दिवस दुखले. पुढे नाना अक्काला म्हणत होते, "अक्का, आज उपास आहे का? आधी सांगायचं, मी फराळाचं घेऊन आलो असतो."

अक्का म्हणाली, "नाना, तुमच्या काट्यावर गाड्या दोन दोन तास उभ्या राहतात. तुम्ही अर्धा घंटा बसा."

लोक हसले. या वेळी नानांवर हसले.

रस्सा उकळून वर तेलाचा तवंग आला तेव्हा साडेबारा वाजले होते. हे मला नंतर कळलं, मी घड्याळाकडे पाहिलंच नव्हतं. अक्काने स्वतः वाढलं, दुखऱ्या गुडघ्यांनी. मला पुढे जाऊ दिलं नाही. मी दाराआड उभी. भाऊही पंगतीत बसला होता, नानांच्या शेजारी.

नानांनी वाटी उचलून उजेडाकडे धरली. त्यांनी वाटीत पाहिलं, पातोडी मोडली, खाल्ली. मग म्हणाले, "अंधार पडला एकदाचा," आणि जेवायला लागले.

भावाने काही न बोलता भाकरी कुस्करली. आमच्याकडचे पुरुष जेवताना बोलत नाहीत. त्याने एक वाटी संपवली. अक्का पुढे गेली तेव्हा त्याने वाटी पुढे केली. ती संपवली. पुन्हा अक्काकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "आनखी थोडा."

पंगत उठल्यावर त्याने हात धुतले, टोपी घातली आणि दारात येऊन म्हणाला, "चाल मग. गाडी चुकी जाई."

मी अक्काकडे बघितलं. ती तिची चूल परत पेटवत होती, भाकरी अर्ध्या राहिल्या होत्या, गाडीवानांची दुसरी पंगत बसायची होती. सकाळपासून ती माझ्याशी एक शब्द चांगला बोलली नव्हती. मी मनातल्या मनात गाठोड्यापर्यंतची पावलं मोजली. सहा.

"कुठं नेतो तिले?" अक्का म्हणाली.

"घर."

"संध्याकाळचा कांदा कोण करील? मी?" तिने फुंकणी खाली ठेवली. "पाच शेर उकिरड्यावर टाकला तिनं. तेवढा तिच्याकडून काढून घ्यायचा आहे मला. जाय तू. सोमवारच्या लोकांना सांग, बाई कामाला लागली."

भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला, "माय रडी." आई रडेल, म्हणजे. मी म्हटलं, "रडू दे." तो गेला. गाडी त्याला मिळाली असावी.

मी कोठीत गेले आणि गाठोडं सोडलं. त्यात दोन लुगडी, एक चोळी आणि आरसा होता. आरशाला तडा गेला होता, कधी गेला होता कोण जाणे.

संध्याकाळी अक्का म्हणाली, "कांदा पिवळा कर." मी केला. घड्याळाकडे न बघता, मध्यम जाळावर, आवाज बदलल्यावर एक लाकूड काढून. ती बघायला आली नाही.

त्या माणसाने दुसऱ्या कुणाशी तरी पाट लावला. ती बाई कोण होती मला माहीत नाही. तिच्यावरून कधी कधी झोप उडायची, पण मी तिच्यासाठी काही करू शकत नव्हते.

अक्काकडे मी तिच्या मरणापर्यंत राहिले आणि नंतर खाणावळ मीच चालवली. नवा कांदा आला की पोतं अजूनही मीच उघडते. एक कांदा चिरून बोटांनी दाबून बघते, किती पाणी आहे ते. काताचा खडा पहिल्या पावसाळ्यापर्यंत कोनाड्यात होता. ओल लागून तो विरघळला आणि भिंतीवर तांबडा ओघळ राहिला. तो मी चुना लावताना दर वर्षी तसाच सोडायची. रंग बघायला सोयीचा होता.